अवलंबित्व गुणोत्तर आणि दक्षिण कोरियाची वाढ

15 ते 64 या वयोगटातील दर 100 व्यक्तींमागे त्याहून लहान आणि मोठ्या वयाच्या किती व्यक्ती आहेत, हे अवलंबित्व गुणोत्तर सांगते. दक्षिण कोरियात 1960 च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत आणि हे गुणोत्तर 80 हून अधिक होते. 1962 मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जन्मदर झपाट्याने घटला आणि 2010 नंतर गुणोत्तर 37 च्या आसपास आले.

याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. आधी 100 जणांचे उत्पादन 180 माणसांत वाटले जाई, नंतर ते 137 जणांत वाटले जाऊ लागले. प्रत्येकाचे उत्पादन तेवढेच राहिले, तरी दरडोई उत्पन्न सुमारे 31 टक्क्यांनी वाढते. शिवाय मुले कमी असल्याने घरात बचत होते, प्रत्येक मुलाच्या शिक्षणावर जास्त खर्च करता येतो आणि स्त्रियांना नोकरी करणे सोपे जाते.

मात्र वयोगटात असणे म्हणजे कामावर असणे नव्हे. कोरियात निर्यातप्रधान कारखान्यांनी तरुणांना रोजगार दिला. रोजगार नसेल, तर गुणोत्तर उतरूनही उत्पन्न वाढत नाही.

ही संधी कायमची नसते. 2023 मध्ये कोरियाचा जननदर 0.72 वर आला. कमावती पिढी आता निवृत्त होते आहे आणि गुणोत्तर पुन्हा चढते आहे, या वेळी वृद्धांमुळे.