न पाहिलेल्या कवितेशी पहिली भेट

मराठीच्या पेपरात न वाचलेली कविता समोर आली की बरीच मुलं आधी कवीचं नाव शोधतात. नाव ओळखीचं निघालं तर हुश्श म्हणतात आणि त्या कवीविषयी जे पाठ असेल ते उत्तरपत्रिकेत ओततात. नाव नसेल तर थेट प्रश्नाकडे जातात. कविता मात्र या दोन्हींच्या मध्ये तशीच पडून राहते.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा, असं आपण सगळेच सांगतो. पण कवितेच्या बाबतीत त्यांचा उपयोग कशासाठी करायचा, ते फारसं कुणी सांगत नाही. तीच कविता पुन्हा येणार नसते, पुन्हा येतो तो प्रश्न. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक उलटं काम देते. चार-पाच वर्षांच्या पत्रिका घ्यायच्या, कविता हाताने झाकायची आणि फक्त प्रश्न वहीत उतरवायचे. शब्द बदललेले दिसतात, पण प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात. ‘सरळ अर्थ लिहा’ म्हणजे ओळी काय सांगतात. ‘कल्पना स्पष्ट करा’ म्हणजे त्यातली एखादी प्रतिमा उलगडा. ‘रसग्रहण करा’ म्हणजे ते कसं सांगितलं आहे आणि त्यानं काय साधलं. राज्य मंडळाच्या दहावीच्या पेपरात रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मुद्दे अपेक्षित असतात. ओळी तिथे पाठ्यपुस्तकातल्याच असतात, पण अनोळखी कवितेलाही हाच साचा चालतो.

आता एक कविता घेऊ. कुणाची छापील कविता घेतली तर तिचा अर्थ मार्गदर्शकात सापडतो, म्हणून सरावासाठी मीच आठ ओळी जुळवल्या आहेत.

दिवेलागण झाली, आई, लावू नको दार,
वाट एक अंगणात आहे थांबलेली;
दादाला जी घेऊन गेली डोंगराच्या पार,
एकटीच परतली ती, मान झुकलेली.

भाकर एक झाकून ठेव, नको विचारू काही,
धुळीमधली पावलं तिची टाकू नको धुऊन;
उद्या पुन्हा जायचं तिला, थकली तरी नाही,
थकतो, आई, आपणच तिच्याकडे पाहून.

पहिलं काम अन्वय लावण्याचं, म्हणजे ओळीतले शब्द बोलण्याच्या क्रमानं मांडायचे. ‘जी वाट दादाला डोंगराच्या पार घेऊन गेली, ती एकटीच परतली, तिची मान झुकलेली आहे.’ एवढं केलं की ‘जी’ आणि ‘ती’ कोण, हे पक्कं होतं. हे न करता लिहिणारे हमखास फसतात. एका वहीत मी वाचलं होतं, ‘एक थकलेली बाई मान खाली घालून अंगणात उभी आहे.’ ‘परतली’, ‘एकटीच’, ‘पावलं’ एवढे शब्द पाहून बाई उभी केली आणि वाट गाळली. शिवाय कविता सातव्या ओळीत सांगते, ‘थकली तरी नाही’, ते वाचायचंच राहिलं.

नंतर बोलतंय कोण ते पाहायचं. ‘आई’ म्हणणारं आणि ‘दादा’ म्हणणारं, म्हणजे घरातलं धाकटं भावंड. पण मुलगा की मुलगी? कवितेत कुठेच नाही, ‘थकतो आपण’ यातूनही कळत नाही. ‘लहान मुलगा म्हणतो’ असं लिहिणाऱ्याचा अर्धा गुण मी कापणार नाही, पण ‘धाकटं भावंड’ लिहिणाऱ्यानं कविता नीट वाचली आहे हे मला कळतं. तसंच दादा सैन्यात आहे, ऊसतोडीला गेलाय किंवा वारलाय, यातलं काहीही कवितेत नाही. सरळ अर्थात ते घुसवायचं नाही. शिक्षक पात्रतेच्या केंद्रीय परीक्षेत, सीटीईटीत, पहिल्या भाषेच्या ३० प्रश्नांपैकी १५ आकलनाचे असतात आणि त्यात एक उतारा कवितेचा असतो. तिथे चार पर्यायांत एखादा असा येऊ शकतो, जो जगात खरा असतो पण कवितेत नसतो.

तर सरळ अर्थ असा होईल: ‘संध्याकाळ झाली तरी दार लावू नकोस, असं धाकटं भावंड आईला सांगतं. दादाला डोंगरापलीकडे नेणारी वाट त्याच्याशिवाय परत आली आहे आणि मान खाली घालून अंगणात थांबली आहे. तिला काही विचारू नकोस, तिच्या पावलांच्या खुणा धुऊ नकोस, एक भाकरी झाकून ठेव. वाट उद्या पुन्हा जाणार आहे. ती थकलेली नाही, तिच्याकडे पाहून आपणच थकतो.’ इथे ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द आणायचा नाही. कौतुकही करायचं नाही. दुसऱ्या कुणाला हा परिच्छेद वाचायला द्या, पण कविता दाखवू नका. कोण, कुणाशी, कशाविषयी बोलतंय हे त्याला सांगता आलं तर अर्थ बरोबर उतरला.

रसग्रहणात मात्र माणसं अडकतात. ‘कवीने अतिशय सुंदर शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता त्यावरून नुसती नजर सरकते. कसोटी सोपी आहे: वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येत असेल तर ते खोडायचं. उरेल ते रसग्रहण.

या आठ ओळींत मी सगळ्यात आधी ‘नको’ मोजते. दार लावू नको, काही विचारू नको, पावलं धुऊ नको: तीनदा. ‘कर’ असं सांगणारी गोष्ट फक्त एक, भाकर झाकून ठेव. एरवी लेकराला आई ‘हे नको, ते नको’ म्हणते, इथे ते उलटलं आहे. घरातलं लहान माणूस मोठ्याला सांभाळतंय, हे कवितेनं एकदाही उघड म्हटलेलं नाही, फक्त क्रियापदांच्या रूपांतून दाखवलंय. हा आशय झाला.

दुसरं, वाट हा शब्द. वाटेला मान, पावलं आणि थकवा दिला ही चेतनगुणोक्ती, हे लिहिणं पुरेसं नाही. नाव सांगून गुण एखादाच मिळतो. ती इथेच का चालली? कारण ‘वाट पाहणं’ हा आपला रोजचा वाक्प्रचार. शेवटच्या ओळीत ‘पाहून’ येतं तेव्हा आपण वाटेकडे पाहतोय की दादाची वाट पाहतोय, हे वेगळं करता येत नाही. ‘वाट’ काढून ‘रस्ता’ ठेवून पाहा: रस्ता अंगणात थांबेल, मानही झुकवेल, पण शेवटच्या ओळीतलं ते पाहणं संपून जाईल. शब्द बदलून पाहणं ही रसग्रहणातली माझी सगळ्यात आवडती युक्ती.

भाषेविषयी थोडकंच लिहावं. दार-पार, थांबलेली-झुकलेली अशी एकाआड एक यमकं आहेत. ‘दिवेलागण’, ‘भाकर’ हे बोलीतले शब्द आईशी बोलताना शोभतात. रसाचं नाव लिहायचं तर करुण, पण रडं नाही, दाबलेलं दुःख, असं जोडून.

वर्गात ही कविता दिली की दादा येणार की नाही, यावर दरवेळी वाद होतो. मी एवढंच विचारते की भाकर कुणासाठी झाकून ठेवायची, वाटेसाठी की दादासाठी. मग बहुतेक जण पुन्हा पाचव्या ओळीवर जातात.