न्यूयॉर्कचे दहा म्हणजे आपले किती?

न्यूयॉर्कच्या रिक्रूटरचा फेब्रुवारीत मेल येतो: मुलाखत १० मार्च २०२६, सकाळी १० ईएसटी. पुण्यातला उमेदवार साडेदहा तासांचा फरक धरून रात्री साडेआठ लिहून ठेवतो. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे यंदा ८ तारखेला, घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांवर येतो. तिथले बरेच लोक उन्हाळ्यातही सवयीने ईएसटीच लिहितात. त्यांच्या मनात तिथल्या भिंतीवरचे दहा असतील, तर मुलाखत आपल्याकडे साडेसातला सुरू होईल.

म्हणून उत्तरात नुसतं ‘चालेल’ लिहू नका. दोन्ही शहरांची वेळ लिहा आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारा:

```
Tuesday, 10 March 2026
10:00 AM New York / 7:30 PM Pune (UTC+5:30)
```

महिना अक्षरांत लिहिलेला बरा, कारण 10/03 अमेरिकेत ३ ऑक्टोबर वाचलं जातं. वारही हवाच, तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि समोरच्याच्या लगेच लक्षात येतं. नुसतं आयएसटीही पुरत नाही, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात. कॅलेंडरचं निमंत्रण आलं की त्यातली वेळ मेलशी ताडून पाहा. तफावत दिसली, तर त्याच दिवशी कळवा.