पावसाने हाक मारेपर्यंत झोप

स्वयंचलित पर्जन्यमापकाचे झाकण काढून पाहिले, तर आत फारसे काही दिसत नाही. वर नरसाळे, त्याखाली मधोमध टेकलेली दोन कप्प्यांची छोटी पन्हळ. एका कप्प्यात ठरावीक पाणी साचले, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर पाऊस पडला, की तो कप्पा जड होतो. पन्हळ कलते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. कलताना पन्हळीवरचा चुंबक एका रीड स्विचसमोरून जातो आणि काचेच्या नळीतल्या दोन पातळ पट्ट्या क्षणभर, सुमारे सेकंदाचा दहावा भाग, एकमेकींना चिकटतात. हे क्षण मोजले की पाऊस मोजला.

मोजणारा असतो शेजारच्या डबीतला ‘नोड’: एक मायक्रोकंट्रोलर, एक रेडिओ आणि दोन एए सेल. आर्डुइनोमुळे घरोघरी पोचलेली एटीमेगा ३२८पी ही चिप या कामाला नेहमी वापरतात. सर्वांत सोपा प्रोग्राम लिहिला तर ती अखंड जागी राहून सेकंदाला हजारो वेळा स्विच तपासत बसते. ८ मेगाहर्ट्झ वेगाने आणि ३ व्होल्टवर तिला त्यासाठी सुमारे ४ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे दिवसाला ९६ मिलिअँपिअर-तास. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरली, तर तीन आठवड्यांत खेळ खलास. महाराष्ट्रात पाऊस प्रामुख्याने चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने ही चिप जवळजवळ कोरड्या पन्हळीवर पहारा देणार.

मग तिला झोपवून अधूनमधून उठवावे का? या चिपमधला ‘वॉचडॉग’ नावाचा टायमर जास्तीत जास्त आठ सेकंदांनी उठवू शकतो. पण स्विच मिटतो सेकंदाच्या दहाव्या भागापुरता. आठ सेकंदांनी डोळे उघडणाऱ्याला बहुतेक टिपण्या दिसणारच नाहीत, आणि सेकंदाला दहा-वीस वेळा उठायचे तर ती झोप कसली? म्हणून उठवण्याचे काम स्विचकडेच सोपवतात. ज्या पिनला स्विच जोडलेला असतो, तिच्यावरचा व्होल्टेज बदलला की चिपमधले एक छोटे सर्किट इंटरप्ट देते. मग प्रोसेसर उठतो, आकडा एकने वाढवतो आणि पुन्हा झोपतो.

झोपेचेही प्रकार आहेत. ‘आयडल’ या हलक्या झोपेत फक्त प्रोसेसर थांबतो. घड्याळ, टायमर आणि इतर भाग चालूच राहतात, त्यामुळे बचत बेताची. ‘पॉवर-डाउन’मध्ये चिपचे मुख्य घड्याळच बंद होते. स्मृतीतला आकडा शाबूत राहतो, पण वीज लागते ती जेमतेम ०.१ मायक्रोअँपिअर. त्या झोपेतून उठवणारे मोजकेच उरतात: पिनवरचा बदल, वॉचडॉग आणि अशीच एखाद-दुसरी सोय. या नोडला दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवायचा असल्यामुळे वॉचडॉग चालू ठेवावा लागतो आणि वापर सुमारे ४.२ मायक्रोअँपिअरवर जातो. तापमान आणि व्होल्टेजनुसार वॉचडॉगची वेळ मागेपुढे होते, पण नोंदीवर वेळ घालायचे काम पलीकडचा स्वीकारणारा संगणक करत असेल, तर त्याने बिघडत नाही.

आता या व्यवस्थेला सर्वांत कठीण दिवस देऊन पाहू. २६ जुलै २००५च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. ०.२ मिलिमीटरची पन्हळ त्या दिवशी ४७२० वेळा कलली असती. रीड स्विचच्या पट्ट्या चिकटताना थरथरतात आणि एका टिपणीच्या दोन-तीन भासतात, म्हणून प्रत्येक वेळी चिपने उठल्यावर ५० मिलिसेकंद नुसते थांबायचे, असे धरू. तरी सगळी जाग भरते चार मिनिटांच्या आत, आणि तिचा खर्च ०.२६ मिलिअँपिअर-तास. अखंड जागणाऱ्या चिपला त्याच दिवशी ९६ लागले असते.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात बिघडतो तो बहुधा चिपच्या आजूबाजूला. एसएक्स१२७६ हा लोरा रेडिओ झोपेत ०.२ मायक्रोअँपिअर घेतो, पण संदेश पाठवून झाल्यावर त्याला झोपण्याची आज्ञा दिली नाही, तर तो ‘स्टँडबाय’मध्ये १.६ मिलिअँपिअर खात बसतो. चिप गाढ झोपलेली, आणि सेल दोन महिन्यांच्या आत संपलेले! आर्डुइनो उनोसारखा अख्खा बोर्ड वापरला तर पॉवरचा एलईडी, व्होल्टेज रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप जागेच राहतात. म्हणून असे नोड सुट्या चिपवर बांधणे बरे.

दुसरी अडचण खास पर्जन्यमापकाची. चिखल किंवा कोळ्याच्या जाळ्यामुळे पन्हळ अर्ध्यावर अडकली आणि चुंबक स्विचसमोरच थांबला, तर स्विच मिटलेलाच राहतो. पिनच्या आतला पुल-अप रोध २० ते ५० किलोओहमचा असतो; त्यातून शंभरेक मायक्रोअँपिअर सतत वाहू लागतात, झोपेच्या खर्चाच्या वीसपटींहून जास्त. त्यातही इंटरप्ट ‘पिन खाली असेपर्यंत उठव’ अशा प्रकारचा निवडला असेल, तर चिप झोपली की लगेच उठते आणि पुन्हा तीन आठवड्यांवर गाडी येते. म्हणून इंटरप्ट बदलावर उठवणारा घ्यावा आणि बाहेरून मेगाओहमचा रोध जोडून आतला बंद करावा. मग अडकलेल्या स्विचमधून ३ मायक्रोअँपिअरच वाहतात.

गळती आहे हे कळते मोजल्यावर, आणि मोजणेही सरळ नाही. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये दर मायक्रोअँपिअरमागे साधारण ०.१ मिलिव्होल्ट मीटरमध्येच पडतो. झोपेत ते जाणवत नाही. पण रेडिओ बोलू लागून २९ मिलिअँपिअर मागतो, तेव्हा २.९ व्होल्ट मीटरच गिळतो, नोड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र चालूच राहते. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये एक बटण जोडतात. नोड जागा असताना वीज बटणातून जाऊ द्यायची आणि तो झोपला की बटण सोडून आकडा वाचायचा. पाच-सहाऐवजी दीडशे दिसले, की कोणता भाग जागा आहे ते एकेक सुटा करून शोधायचे.

सगळे नीट जमले, तर झोपेचा दिवसाचा खर्च ०.११ मिलिअँपिअर-तास भरतो. जवळच्या अंतरावर लोराचा २० बाइटचा संदेश ५७ मिलिसेकंदांत जातो. असे दिवसाचे ९६ संदेश धरूनही सेल तीस वर्षांहून अधिक पुरावेत. अर्थात अल्कलाइन सेल नुसता पडून राहिला तरी दहाएक वर्षांतच निकामी होतो. त्यामुळे उरलेली वीज अंतरावर खर्चता येते. दूर पोचणाऱ्या सर्वांत संथ सेटिंगवर तोच संदेश १.३ सेकंद घेतो, दिवसाचा खर्च सव्वा मिलिअँपिअर-तासाच्या आत राहतो आणि आयुष्य पाचेक वर्षांवर येते. कोरड्या आठ महिन्यांत दर पंधरा मिनिटांऐवजी सहा तासांनी एकदा ‘चालू आहे’ एवढेच कळवले, तर ते पुन्हा दहा वर्षांपलीकडे जाते. आणि त्या महिन्यांत अवकाळी पाऊस आलाच, तर पन्हळ कलताच इंटरप्ट येतो आणि नोड स्वतःच पंधरा मिनिटांच्या वेळापत्रकावर परततो.