गटातला चौथा कुठे आहे?

कॉलेजातल्या गटप्रकल्पाचं वाटप बहुतेक वेळा पाच मिनिटांत उरकतं: तू सर्व्हे कर, तू आकडे बघ, तू रिपोर्ट लिही, तू पीपीटी. पुढच्या भांडणाचं मूळ इथेच असतं. ही कामं एकामागून एक येतात. सर्व्हेवाला रेंगाळला की बाकीचे अडकून पडतात. पीपीटीवाला तर शेवटच्या रात्रीपर्यंत मोकळाच, त्यामुळे तो काम करणार की नाही हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते.

समजा, चौघांचा प्रकल्प भाजी मंडईतल्या ओल्या कचऱ्यावर आहे आणि ६० विक्रेत्यांशी बोलायचं आहे. मग प्रत्येकाने १५ फॉर्म भरावेत, आपले आपणच सामायिक शीटमध्ये चढवावेत आणि रिपोर्टचं एकेक प्रकरण लिहावं. पहिली मुदत मुद्दाम छोटी ठेवावी: तीन दिवसांत दोन फॉर्म. त्यात प्रश्नांचीही परीक्षा होते. ‘रोज किती किलो कचरा?’ असं विचारलं की विक्रेता ‘दोन क्रेट’ म्हणतो, म्हणजे प्रश्न बदलायला हवा. आणि कोणाच्या नावापुढची ओळ रिकामी आहे, तेही चौथ्या दिवशीच दिसतं.

त्या रिकाम्या ओळीवरून ग्रुपवर सगळ्यांसमोर टोमणे मारू नयेत. तिघांपैकी कोणी तरी त्याला एकट्याला गाठून विचारावं. कोणी संध्याकाळी नोकरी करतो, कोणाला शीट वापरता येत नाही, कोणाचं लिखाण आधी न विचारता खोडून टाकलेलं असतं. कारण कळल्यावर नेमकं काम आणि तारीख ठरवावी, आणि ती ग्रुपवर लिहून ठेवावी.

तरीही काही आलं नाही, तर गाइडकडे जावं, पण सबमिशनच्या आधी. बहुतेक मुलं इथेच चुकतात. चौथ्याचं काम रात्री जागून गुपचूप करतात आणि मार्क लागल्यावर तक्रार करतात. तेव्हा सरांपुढे फक्त पूर्ण झालेला रिपोर्ट असतो. ‘तो काहीच करत नाही’ असं म्हणण्यापेक्षा ठरलेली तारीख, शीटमधली नोंद आणि डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी दाखवावी.

काही ठिकाणी शिक्षक सहकाऱ्यांच्या गुणांवरून वाटा ठरवतात. गटाला ४० पैकी ३२ मिळाले. एकमेकांना दिलेल्या गुणांची सरासरी तिघांची ४ आणि चौथ्याची २, म्हणजे गटाची ३.५. चारला साडेतीनने भागून ३२ने गुणलं की तिघांना साधारण ३६.५ येतात, चौथ्याला १८. हिशेब सोपा आहे, पण तीन मित्रांनी ठरवून एका अबोल मुलीला २ दिले तरी उत्तर हेच येईल. म्हणून गुणांसोबत कामाच्या नोंदी मागणारे आणि चौथ्यालाही बोलावून ऐकणारे शिक्षकच ही पद्धत नीट वापरतात.