तिपाईच्या एका पायात ८५० किलो

बोअरमधली मोटर बाहेर काढायची असली की बोअरच्या तोंडावर आधी तिपाई उभी राहते. तीन लोखंडी पाइप, माथ्याशी त्यांना जोडणारा बोल्ट आणि त्याला टांगलेली चेनपुली, एवढाच सगळा पसारा.

समजा, माथा जमिनीपासून ४ मीटर उंच आहे. तिन्ही पाय ओळंब्यापासून ३ मीटरवर, सारख्या अंतराने टेकले आहेत. म्हणजे पायाची लांबी ५ मीटर. खाली पाइपांसकट मोटरचं वजन ६०० किलो. तिपाईचं स्वतःचं वजन तूर्त सोडून देऊ. वरचा सांधा बिजागरीसारखा ढिला असल्यामुळे पाय फक्त आपल्या लांबीच्या दिशेनेच बल घेतो. माथ्यावर तीन अज्ञात बलं आणि तीन दिशांची तीन समीकरणं, त्यामुळे हिशेब कुठे अडत नाही. प्रत्येक पायाला उभा भार २०० किलो येतो. पाय तिरका असल्याने त्यातला दाब मात्र २०० च्या पाच चतुर्थांश, म्हणजे २५० किलो होतो.

त्याच तिरकेपणामुळे प्रत्येक पाय जमिनीवर १५० किलोने बाहेरच्या बाजूला रेटतो. नुसत्या घर्षणावर पाय टिकवायचा तर आडवा रेटा उभ्या भाराच्या पाऊणपट असूनही पकड सुटता कामा नये. सिमेंटच्या ओट्यावर लोखंड एवढं धरेल असं मानून चालता येत नाही. वजन निम्मं केलं तरी हे पाऊणपटीचं प्रमाण तसंच राहतं, म्हणून हलक्या मोटरीलाही पाय फाकू शकतात. जाणते कामगार पायांसाठी खड्डे घेतात किंवा तिन्ही पाय खाली साखळीने बांधतात. त्या साखळीच्या प्रत्येक बाजूत सुमारे ८७ किलो ताण येतो.

खरी फसगत होते ती चेनपुलीऐवजी एका पायावर हातविंच बसवली की. आता दोर मोटरीपासून वर कप्पीवर जातो आणि त्या पायाला समांतर खाली विंचवर येतो. दोरात ६०० किलोचा ताण आहे. तो माथ्याला पायाच्याच दिशेने खाली ओढतो आणि ती सगळी ओढ त्याच पायाला पेलावी लागते. उरलेल्या दोन पायांत २५० किलोच राहतात. या पायात कप्पीपासून विंचपर्यंतच्या भागात दाब होतो ८५० किलो.

जमिनीला मात्र यातलं काहीच कळत नाही. विंच तिपाईचाच भाग असल्यामुळे दोराची ओढ आतल्या आत मिटते, आणि तिन्ही पायांखाली पूर्वीसारखेच २०० किलो उरतात. नुसतं पायाखालची माती दबते का हे पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटेल. बारीक, लांब पाइप दाबाखाली आधी बाक धरतो आणि मग एकदम वाकतो. म्हणून भार घेतल्यावर विंचच्या पायाला खालून डोळा लावून पाइपची रेघ सरळ आहे का ते बघावं. बोटभर जरी बाक दिसला तरी मोटर तिथूनच परत खाली सोडावी.