हुशार मुलं जिथे चुकतात

आठवीच्या शंभर मुलांना विज्ञानाच्या चाचणीत हा प्रश्न आला, असं समजू: ‘पाणी किती अंश सेल्सिअसला उकळतं?’ पर्याय चार: 90, 100, 110 आणि ‘निश्चित सांगता येत नाही’. उत्तरसूचीप्रमाणे बरोबर उत्तर 100. आता प्रश्नाचीच परीक्षा घेऊ.

सगळ्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या. वरच्या 27 आणि खालच्या 27 बाजूला काढायच्या, मधल्या तशाच ठेवायच्या. 27 टक्क्यांचं हे प्रमाण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी 1939 साली मांडलं. गट याहून लहान घेतले तर मुलं फार थोडी उरतात. मोठे घेतले तर दोन्ही गटांतला फरक पुसट होतो.

समजा, 100 हे उत्तर वरच्या गटात 14 जणांनी दिलं आणि खालच्या गटात 18 जणांनी. एकूण बरोबर 32, मुलं 54, भागाकार 0.59. हा काठिण्य निर्देशांक. तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हा त्याचा उफराटेपणा लक्षात ठेवलेला बरा. 0.59 म्हणजे मध्यम प्रश्न, तक्रारीला जागा नाही.

खरी गोम भेदकता निर्देशांकात कळते. वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, भागिले एका गटातली मुलं: 14 वजा 18, भागिले 27, म्हणजे उणे 0.15. साधारणपणे 0.40 किंवा अधिक असेल तर प्रश्न उत्तम आणि 0.20 च्या खाली कच्चा समजतात. उणे आकडा आला की पहिला संशय उत्तरसूचीवर घ्यावा, दुसरा प्रश्नाच्या शब्दांवर. मुलांवर नको.

मग कोणी कोणता पर्याय निवडला ते पाहायचं. वरच्या गटातल्या उरलेल्या तेराही जणांनी ‘निश्चित सांगता येत नाही’ निवडलेलं आहे. त्यांचं चुकलं कुठे? महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. प्रेशर कुकरमध्ये शंभराच्या पुढे. प्रश्नात दाबाचा उल्लेखच नाही. ज्याला जास्त कळतं तोच इथे गुण गमावतो.

दुरुस्ती छोटी आहे: ‘समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यात शुद्ध पाणी साधारण किती अंशाला उकळतं?’ शेवटचा पर्याय काढून तिथे 80 घालायचा. पुढच्या वेळी वरच्या गटात 25 आणि खालच्या गटात 13 बरोबर आले, तर भेदकता 0.44 होते.

मात्र या आकड्यांवर आंधळा विश्वास नको. जवळजवळ सगळ्यांना येणाऱ्या प्रश्नाची भेदकता कमीच येणार. काठिण्य निर्देशांक 0.90 असेल तर ती 0.20 च्या वर जाऊच शकत नाही. धडा सगळ्यांना समजला, हेच तपासायचं असेल तर तो प्रश्न खुशाल ठेवावा. आणि तीस मुलांच्या वर्गात एकेक गट जेमतेम आठ जणांचा होतो. तिथे एका मुलाने अंदाजाने खूण केली तरी भेदकता 0.125 ने हलते.