उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम: किंमत एकच वाढते, कारणं मात्र दोन



किंमत वाढली की मागणी कमी होते, हे आपण अकरावीपासून वाचत आलोय. नेट-सेटच्या तयारीत याचीच पुढची पायरी येते: मागणी कमी होण्यामागे दोन वेगळी कारणं असतात. एक म्हणजे पर्यायता परिणाम. वस्तू इतरांच्या तुलनेत महाग झाली म्हणून ग्राहक दुसरीकडे वळतो. दुसरा उत्पन्न परिणाम. त्याच पैशात आता एकूणच कमी येतं, म्हणजे ग्राहक थोडा गरीब झाला, म्हणून तो खरेदी कमी करतो.

व्याख्या पाठ करायला दोन मिनिटं लागतात. खरी अडचण पुढे आहे. दुकानदाराच्या वहीत किंवा सर्वेक्षणाच्या आकड्यांत आपल्याला फक्त एकूण घट दिसते. त्यातली किती पहिल्या कारणाने आणि किती दुसऱ्या कारणाने, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग ते वेगळं कसं करायचं? आणि वेगळं करून उपयोग काय? आज एवढंच बघू.

स्लुत्स्कीची युक्ती

1915 साली युजेन स्लुत्स्की या रशियन अर्थशास्त्रज्ञाने एका इटालियन नियतकालिकात याचं उत्तर दिलं. तो लेख बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. पुढे 1934 मध्ये हिक्स आणि अ‍ॅलन स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले. युक्ती अशी: किंमत वाढल्यावर ग्राहकाला मनातल्या मनात तेवढेच जादा पैसे द्यायचे, ज्यात तो आपली जुनी खरेदी जशीच्या तशी करू शकेल. म्हणजे तो गरीब झाला ही गोष्ट आपण काढून टाकली. एवढं करूनही जो बदल उरतो तो पर्यायता परिणाम. मग दिलेले पैसे परत काढून घ्यायचे. त्यानंतर जो बदल होतो तो उत्पन्न परिणाम.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचं महिन्याचं किराण्याचं बजेट 4000 रुपये आहे. तूरडाळ 120 रुपये किलो असताना ते 5 किलो घेतात, म्हणजे 600 रुपये डाळीवर आणि 3400 रुपये बाकी किराण्यावर. आता डाळ 160 रुपये झाली आणि खरेदी 3.85 किलोवर आली. एकूण घट 1.15 किलो.

जुनीच खरेदी नव्या भावात करायची तर 5 × 160 = 800 आणि बाकीचे 3400, असे 4200 रुपये लागतील. म्हणजे भरपाई 200 रुपयांची. समजा, 4200 रुपये हातात दिल्यावर हे कुटुंब 4 किलो डाळ घेतं (640 रुपये) आणि उरलेल्या 3560 रुपयांत मूग, मसूर, भाजी असं बाकीचं वाढवतं. जुन्या 5 किलोला पैसे पुरत होते, तरी त्यांनी 1 किलो कमी घेतली. हा पर्यायता परिणाम. आता 200 रुपये परत घेतले की डाळ 4 वरून 3.85 किलोवर येते. ही 150 ग्रॅमची घट म्हणजे उत्पन्न परिणाम.

बाकीच्या किराण्याकडेही बघा. आधी 3400, भरपाईनंतर 3560, आणि शेवटी 3384. एकूण फरक फक्त 16 रुपयांचा दिसतो, पण आत 160 रुपयांची वाढ आणि 176 रुपयांची घट अशा दोन उलट हालचाली झाल्यात. नुसता एकूण आकडा बघणाऱ्याला वाटेल की बाकीच्या खरेदीवर डाळीच्या भावाचा काही परिणामच झाला नाही.

एकाची दिशा पक्की, दुसऱ्याची नाही

भरपाई दिल्यावर कुटुंबाने डाळ कमी घेतली, असं मी वर धरून चाललो. जास्त घेतली असती तर? इथे एक सुंदर युक्तिवाद आहे. समजा त्यांनी 6 किलो घेतली. 960 रुपये डाळीचे, 3240 बाकीचे, एकूण 4200. हीच खरेदी जुन्या भावात कितीला पडली असती? 720 आणि 3240, म्हणजे 3960 रुपयांना. तेव्हा त्यांच्याकडे 4000 होते. म्हणजे ही खरेदी त्यांना आधीही परवडत होती आणि तरीही त्यांनी ती निवडली नव्हती. आता तीच निवडली तर वागण्यात विसंगती आली. म्हणून ग्राहक सुसंगत वागतो असं मानलं, तर भाववाढीचा पर्यायता परिणाम त्या वस्तूची खरेदी कधीच वाढवत नाही. फार तर तो शून्य असतो.

उत्पन्न परिणामाला अशी कोणतीही हमी नाही. गरीब झाल्यावर माणूस बहुतेक वस्तू कमी घेतो, पण काही वस्तू जास्त घेतो. त्यांना आपण निकृष्ट वस्तू म्हणतो. इथे 'निकृष्ट' हा दर्जावरचा शेरा नाही, उत्पन्न वाढल्यावर मागणी घटते एवढाच त्याचा अर्थ.

लहान बदलांसाठी हे सगळं एका ओळीत मावतं:

```
e = ec - s × n
```

`e` म्हणजे भाव बदलल्यावर दिसणारी एकूण लवचिकता, `ec` म्हणजे भरपाई दिल्यानंतरची, `s` म्हणजे खर्चातला त्या वस्तूचा वाटा आणि `n` म्हणजे उत्पन्न लवचिकता. यातलं `s` लक्षात ठेवा. मिठावर खर्चाचा अर्धा टक्का जात असेल आणि `n` 1 धरला, तर मीठ 10 टक्के महागल्यावर उत्पन्न परिणाम फक्त 0.05 टक्के येतो. मोजमापाच्या चुकीतच तो हरवून जाईल. पण एखाद्या वस्तूवर निम्मा खर्च होत असेल, तर हाच परिणाम शंभर पट मोठा होतो.

भाव वाढला आणि भात वाढला

आता वाटा मोठा आणि वस्तू निकृष्ट, असं दोन्ही एकत्र आलं तर? तर उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामाला मागे टाकू शकतो आणि भाव वाढल्यावर खरेदीही वाढते. हीच गिफेन वस्तू. मार्शलने आपल्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये गरीब मजुरांच्या पावाबद्दल हे निरीक्षण रॉबर्ट गिफेन यांच्या नावावर नोंदवलं. पुढे पाठ्यपुस्तकांत आयर्लंडच्या दुष्काळातल्या बटाट्याचं उदाहरण रूढ झालं. त्यात मूळ अडचण अशी की तिथे बटाट्याचं पीकच रोगाने गेलं होतं. बटाटे होतेच कमी, तर लोकांनी एकूण जास्त खाल्ले कसे असतील?

खात्रीलायक पुरावा बराच उशिरा आला. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी 2006 मध्ये चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांतल्या शहरी गरीब कुटुंबांवर प्रयोग केला. तो 2008 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आला. हुनानमध्ये मुख्य अन्न भात, गान्सूमध्ये गहू. सोडत काढून काही कुटुंबांना पाच महिने सवलतीची कुपनं दिली: दर 500 ग्रॅममागे 0.10, 0.20 किंवा 0.30 युआन सूट. उरलेल्यांना काहीच नाही. सवलतीच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर, अशी तीन वेळा कुटुंबांच्या खाण्याची नोंद घेतली.

हुनानमध्ये तांदूळ 1 टक्का स्वस्त झाला की त्याचा वापर सुमारे 0.24 टक्के कमी झाला. सवलत संपल्यावर तो पुन्हा वाढला. गान्सूच्या गव्हाबाबत पुरावा मात्र कमजोर निघाला.

असं का व्हावं, ते छोट्या हिशेबात बघू (आकडे माझे, फक्त समजण्यासाठी). एका माणसाला पंधरवड्यात 10 किलो तांदळाइतके उष्मांक लागतात. मांसाच्या किलोत त्याच्या निम्मे मिळतात असं धरू. तांदूळ 3 युआन, मांस 12 युआन, खिशात 51 युआन. पोट भरून जास्तीत जास्त मांस घ्यायचं तर 9 किलो तांदूळ आणि 2 किलो मांस येतं. आता तांदूळ 4 युआन झाला. जुन्या खरेदीला 60 युआन लागतील, ते नाहीत. मांस कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही, पण मांस सोडलं की उष्मांकांची तूट पडते आणि ती भरायला सगळ्यात स्वस्त तांदूळच. नवी खरेदी: 1.1 किलो मांस आणि 9.45 किलो तांदूळ.

स्लुत्स्कीची युक्ती इथेही लावा. 9 युआन भरपाई दिली तर तो पुन्हा 9 किलो तांदूळ आणि 2 किलो मांसच घेईल. तांदूळ याहून कमी करून उष्मांकांची गरज भागवायला ते पैसे पुरत नाहीत, आणि जास्त तांदूळ घ्यायचा तर आवडतं मांस विनाकारण सोडावं लागेल. म्हणजे पर्यायता परिणाम शून्य. आलेली 0.45 किलोची वाढ सगळी उत्पन्न परिणामाची.

यातून हेही कळतं की ही गोष्ट सगळ्या गरिबांत दिसणार नाही. ज्यांना 80 टक्क्यांहून जास्त उष्मांक भातातूनच मिळत होते, त्यांच्यात जेन्सन-मिलर यांना गिफेन वर्तन आढळलं नाही. सोडायला त्यांच्या ताटात मांसच फारसं नव्हतं. आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या बाबतीत भातावरच्या खर्चाचा वाटाच लहान. दोघांच्या मधल्या गटातच हे घडतं. सगळ्यांची सरासरी काढली तर ते पुसट होऊन जातं.

प्रबंधात याने काय फरक पडतो

तुमच्या आराखड्यात 'भाव वाढला, मागणी घटली, म्हणजे लोक पर्यायाकडे वळले' असं वाक्य असेल, तर मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. ते सिद्ध करायला एकूण घट पुरत नाही. तुम्हाला खर्चातला वाटा आणि उत्पन्न लवचिकता लागेल, आणि दोन्ही उत्पन्नगटानुसार वेगळे. शिवाय भाव कशामुळे बदलला हेही तपासावं लागेल. दुष्काळात धान्य महागतं आणि त्याच वेळी शेतमजुराची मजुरीही बुडते. मग दिसणारी घट भावाची की बुडालेल्या मजुरीची, हे बाजाराच्या आकड्यांवरून सुटत नाही. म्हणून तर जेन्सन-मिलर यांनी सोडत काढली.

धोरणासाठीही हे महत्त्वाचं आहे. धान्य स्वस्त केलं की गरिबांचं पोषण सुधारेल, असं आपण सहज गृहीत धरतो. याच प्रयोगावर आधारलेल्या 2011 च्या लेखात दोघांनी तेच तपासलं, आणि सवलतीने पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाचलेल्या पैशाचा काही भाग जास्त चवीच्या अन्नाकडे गेला. सवलत म्हणजे किंमत कमी करणं, आणि किंमत कमी करणं म्हणजे हातात थोडं उत्पन्न देणंही. ते उत्पन्न कुठे खर्च करायचं हे ते कुटुंब ठरवतं.

सरावासाठी एक प्रश्न: वरच्या उदाहरणातल्या माणसाकडे 51 ऐवजी 42 युआन असते, तर तांदूळ 3 वरून 4 युआन झाल्यावर काय होईल? हिशेब करून बघा. 4 युआनला किती मांस येतं, तिथे लक्ष द्या, म्हणजे मधल्या गटाची गोष्ट नीट समजेल.